‘लीव्ह अप्रूव्ह करून सबमिट करावी’ला साधं मराठी काय?

रेवा: उद्या परिपत्रक काढायचंय. मसुद्यातलं वाक्य असं: ‘सर्व एम्प्लॉईजनी लीव्ह अ‍ॅप्लिकेशन कन्सर्न्ड हेडकडून अप्रूव्ह करून 15 तारखेच्या आत एचआरला सबमिट करावे.’ साहेब म्हणाले, इंग्रजी कमी करा. मी ‘अनुमोदित करून विहित कालमर्यादेत प्रस्तुत करावे’ असं केलं, तर शेजारच्या टेबलावर हशा.

जुना कारकून: हसले ते बरोबरच. अनुमोदन सभेत ठरावाला देतात, रजा मंजूर होते. म्हणजे तुमचा शब्द जड तर आहेच, शिवाय चुकीचाही आहे.

शुद्धमती: पण रजा, अर्ज, मंजूर, मुदत हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. मग इंग्रजीनेच काय घोडं मारलंय?

जुना कारकून: मूळ कुठलं हा प्रश्नच नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ‘रजा टाकली’ म्हणतात, म्हणून ‘रजा’ चालते. त्याच न्यायाने पोर्टल, पासवर्ड तसेच ठेवा. ‘परवलीचा शब्द’ लिहिलात तर लोक फोन करून विचारतील.

नंदू: आमच्याकडे ‘माहिती अद्ययावत करावी’ असं आलं होतं. निम्म्यांनी काहीच केलं नाही. ‘पत्ता बदलला असल्यास नवा कळवा’ म्हटल्यावर दोन दिवसांत कागद आले.

जुना कारकून: हेच तर. ‘अपडेट’ला एक शब्द शोधू नका, नेमकं काय करायचं ते लिहा. रेवाताईंच्या वाक्यातही खरी अडचण ‘करून’ची आहे. ‘कर्मचाऱ्यांनी अर्ज मंजूर करून द्यावा’ म्हटलं तर मंजूर करणारा कर्मचारीच ठरतो! ‘अप्रूव्ह’मुळे ते खपून जात होतं. ‘मंजूर करून घ्यावा’ हवं. आणि ‘संबंधित’ लिहिलंत की माणूस विचारतो, संबंधित म्हणजे कोण? सरळ ‘आपल्या विभागप्रमुखांकडून’ म्हणा.

रेवा: मग असं? ‘सर्व कर्मचाऱ्यांनी रजेचा अर्ज आपल्या विभागप्रमुखांकडून मंजूर करून घ्यावा व 15 तारखेच्या आत एचआरकडे सादर करावा.’

जुना कारकून: छान. फक्त ‘15 तारखेच्या आत’ म्हटलं की 15 धरायची की नाही यावर वाद होतो. ‘15 तारखेपर्यंत (15 धरून)’ लिहा. ‘सादर’ चालेल, पण मी ‘द्यावा’च लिहिलं असतं.

शुद्धमती: ‘द्यावा’ परिपत्रकात फार घरगुती वाटतं. आणि एचआर तसंच?

नंदू: दारावर पाटी ‘एचआर’चीच आहे ना? ‘मनुष्यबळ विभाग’ लिहिलं तर नवी पोरं दार शोधत फिरतील.

जुना कारकून: पाटी बदला की मग.

रेवा: पाटीचं बजेट नाही. ‘एचआर’ ठेवते. ‘द्यावा’ की ‘सादर करावा’ ते साहेबांवर सोडते.