सर्वजयाचं रडणं ऐकूच येत नाही, त्याला संगीत म्हणायचं की साउंड डिझाइन?

ऋतुजा: एम.ए.ला चित्रपट अभ्यासाचा पेपर आहे. एकच प्रसंग घ्यायचा आणि मिझाँसेन म्हणजे दृश्याची मांडणी, मोंताज आणि साउंड डिझाइन या तिन्ही अंगांनी १५०० शब्दांत लिहायचं. मी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’मधला (१९५५) प्रसंग घेतला: हरिहर परगावाहून परत येतो, मुलगी दुर्गा वारली हे त्याला माहीत नसतं, आणि बायको सर्वजया त्याच्यासमोर कोसळते. तीन मथळे करून लिहिलं. सरांचा शेरा आला, “वर्णन झालं, म्हणणं कुठे आहे?” माझं म्हणणं असं की शेवटी सनई वाजते ती दुर्गाच्या न झालेल्या लग्नाची. हे धरून चालेल का? आणि तीन मथळे मोडू का?

निखिल: मथळे मोडू नकोस. तीन गोष्टी मागितल्यात, तपासणारा तीन गोष्टी शोधणार. खरी अडचण तू प्रसंग चुकीचा निवडलास ही आहे. मोंताज म्हणजे दोन शॉट एकमेकांवर आदळून तिसरा अर्थ निघणं. ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या चित्रपटातला ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग घे, लिहायला भरपूर सापडेल. राय यांच्या या प्रसंगात कापाकापी फारशी नाहीच, मोंताजखाली काय लिहिणार? सनईचा मुद्दा मात्र छान आहे, तो ठेव.

माधवी: ऋतुजा, सनईचा मुद्दा आधी सोडवू, कारण तुझं अख्खं म्हणणं त्यावर उभं आहे. ते वाद्य सनई नाही. ती तारशहनाई आहे, दक्षिणामोहन टागोर यांनी वाजवलेली. नावात शहनाई असली तरी ते गजाने वाजवायचं तंतुवाद्य आहे. इसराजाला जुन्या ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला असतो, त्यामुळे आवाज चिरत, नाकातून आल्यासारखा येतो. फुंकवाद्य समजून लग्नाचा अर्थ काढलास तर पायाच चुकतो.

आता प्रसंग पुन्हा बघ, पण मथळे डोक्यातून काढून. दुर्गा गेली ती वादळाच्या रात्री. त्या रात्री वारा, दारावरचं फडफडणारं कापड, कोनाड्यात हलणारा गणपती, सगळं कानावर आदळत होतं. त्यानंतर हा प्रसंग येतो तो शांत. हरिहर पडझड बघत, मुलांना हाका मारत आत येतो. सर्वजया हातावर गाल टेकून बसलेली आहे. ती त्याला पाणी देते, बसायला देते, आणि जवळजवळ बोलतच नाही. तो आपल्या उत्साहात पिशवीतून वस्तू काढतो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर आणि सगळ्यात शेवटी दुर्गासाठी साडी.

मोंताज शोधायचा तो या क्रमात. घराची वस्तू, देवाची वस्तू, मग मुलीची. साडी आधी निघाली असती तर प्रसंग तिथेच संपला असता. आपल्याला माहीत आहे, सर्वजयाला माहीत आहे, हरिहरला नाही. प्रत्येक वस्तूबरोबर आपण साडीच्या एक पाऊल जवळ जातो. साडी हातात आल्यावर ती तोंडाशी धरून सर्वजया कोसळते. तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज कानावर येतच नाही. त्याच्या जागी तारशहनाई चढते, राग पटदीप.

निखिल: वाद्याबद्दल चूक कबूल. पण याला साउंड डिझाइन कसं म्हणता? रविशंकर यांनी संगीत दिलं, ते पार्श्वसंगीत. साउंड डिझाइन हा शब्दच पुढच्या काळातला. ‘अपोकॅलिप्स नाउ’मध्ये (१९७९) वॉल्टर मर्च यांच्या श्रेयनामावलीत तो आला. १९५५च्या सिनेमाला ती पट्टी कशाला?

माधवी: शब्द नंतरचा, हे खरं आहे आणि असाइनमेंटमध्ये तसं लिहावंच. पण कान लावून बघ. पार्श्वसंगीतात पात्राचं रडणं चालू असतं आणि संगीत त्याच्याखाली किंवा भोवती वाहतं. इथे रडण्याची जागा रिकामी केली आहे आणि वाद्य त्या जागेत बसवलं आहे. पात्राच्या तोंडचा आवाज ठेवायचा की काढायचा हा निर्णय एकट्या संगीतकाराच्या हातात नसतो.

संजय: मी साताऱ्याकडे लघुपटांसाठी आवाज करतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही अगदी हीच युक्ती केली. आई रडते, आवाज काढला, बासरी टाकली. पहिल्याच खेळाला मागून ओरड, “आवाज गेला, आवाज गेला!” ऑपरेटरने व्हॉल्यूम वाढवला आणि बासरी कानात घुसली. त्यामुळे मला वाटतं राय यांचा तो क्षण नशिबाने जमला. नवख्याने याचं गुणगान करू नये.

माधवी: संजयराव, तुमच्या लघुपटातल्या आईने त्याआधी किती संवाद बोलले होते?

संजय: पाच-सहा मिनिटं बोलतच होती. शेजारणीशी भांडण होतं.

माधवी: मग प्रेक्षकाचा कान तिच्या आवाजाला सरावला होता. तो अचानक गेला तर बिघाडच वाटणार. सर्वजया या प्रसंगात आधीपासून गप्प आहे. हरिहर बोलतोय, ती नाही. तिचा आवाज न येणं हे आपण प्रसंगभर स्वीकारत आलोय, म्हणून तोंड उघडल्यावरही तो आला नाही तरी यंत्र बिघडलं असं वाटत नाही. म्हणजे अभिनेत्रीला गप्प बसवणं हे मिझाँसेन, आणि शेवटच्या आवाजाची तयारी तिथेच झाली. ऋतुजा, तीन मथळे इथे आपोआप मोडतात. “सर्वजयाचं मौन प्रसंगाच्या सुरुवातीला रचलं आहे, म्हणून शेवटी तिचा हंबरडा काढून घेता आला.” याला विरोध करता येतो, म्हणून हे म्हणणं झालं.

संजय: भांडण कापून बघायला हवं होतं. ते आमच्या डोक्यातच आलं नाही.

ऋतुजा: म्हणजे लग्नाचा मुद्दा पूर्ण टाकून देऊ? आधी मैत्रीण रानूच्या लग्नात दुर्गाच्या डोळ्यांत पाणी येतं तो प्रसंग आहेच ना. आणि तारशहनाईचा आवाज सामान्य माणसाला सनईसारखाच लागतो. मला तरी लागला.

माधवी: हा आक्षेप मला खोडता येत नाही. वाद्य कोणतं हे एक आणि ऐकणाऱ्याला काय आठवतं हे दुसरं. पण ते सिद्ध करायला रानूच्या लग्नातला आवाज आणि इथला आवाज शेजारी ठेवून ऐकावा लागेल. सूर, वाद्याचा पोत, काही धागा जुळतो का बघ. जुळला नाही तर ती तुझी आठवण आहे, चित्रपटाची रचना नाही.

निखिल: मला अजूनही वाटतं परीक्षकासाठी मथळे हवेत. आत एकच म्हणणं चालव, पण मथळे ठेव. आणि ‘वस्तूंचा क्रम’ याला मोंताज म्हटलं तर पटकथेतलं सगळंच मोंताज होईल. क्रम लेखकाने लिहिलाय.

माधवी: क्रम पटकथेचा, बरोबर. पण कोणत्या वस्तूवर किती वेळ थांबायचं, सर्वजयाच्या चेहऱ्यावर कधी यायचं हे संपादनाच्या टेबलावर ठरतं, आणि ते टेबल दुलाल दत्तांचं होतं. ऋतुजा, हे तुला मोजता येईल. साडी बाहेर आल्यापासून दुर्गाचा भाऊ अपू बाहेर उभा दिसतो तिथपर्यंत प्रत्येक शॉटची सेकंदं कागदावर लिही. शेजारी दुसरा रकाना कर: तारशहनाई कुठे सुरू होते, कुठे ओसरते, हरिहरचा आवाज कुठे ऐकू येतो. आवाज आणि कट एकाच ठिकाणी बदलत असतील तर सगळं पटकथेतच ठरलं हे निखिलचं म्हणणं मोडतं. आवाज कटच्या पुढे-मागे जात असेल तर तो जे म्हणतोय त्याला थोडी जागा उरते.

ऋतुजा: आज रात्री आवाज बंद करून एकदा, मग चित्र झाकून एकदा बघते. रकाने इथे टाकते.