पॅसेजमधली चौथी भेट

“एकाच सहकाऱ्याशी दिवसातून आठ-दहा वेळा समोरासमोर गाठ पडते. दर वेळी काय म्हणावे?”

सकाळचा नमस्कार थांबून, नावानिशी करावा. पुढच्या प्रत्येक भेटीत तो आखडत जातो आणि त्यात कोणालाही अनादर वाटत नाही. आमच्या बेळगावच्या कार्यालयात लेखा विभागातील कन्नडभाषक सहकाऱ्याला मी सकाळी “नमस्कार री” म्हणतो, अकराच्या सुमारास नुसते हसतो आणि दुपारी “ऊट आत्री?” म्हणजे “जेवण झाले का?” असे विचारतो. हा प्रश्न दिवसातून एकदाच चालतो. एकदा विसरून मी तो चार वाजता पुन्हा विचारला, तेव्हा “दुसरं जेवण घरी” असे उत्तर मिळाले.

खरी अडचण शब्दांची नसून अंतराची असते. लांबलचक व्हरांड्याच्या टोकापासूनच नजर मिळाली, तर हसू तितका वेळ टिकवावे लागते आणि ते ओढूनताणून आणलेले दिसते. म्हणून दुरून ओळख पटताच किंचित मान हलवावी, मग हातातल्या फाइलकडे पाहत चालावे आणि तीन-चार पावले उरली की पुन्हा क्षणभर नजर द्यावी. चौथ्या-पाचव्या भेटीला भुवई उंचावली तरी पुरते. मात्र मध्ये कोणी अर्धा दिवस रजेवर जाऊन आले असेल, तर नमस्कार पुन्हा पूर्णच करावा.