दिवसाच्या फोटोवर निऑनचा उजेड : त्वचा खरी वाटू शकते का?

नवखी फ्रेम, जळगाव

गोलाणी मार्केटजवळ दुपारी चारच्या सुमारास, इमारतीच्या सावलीत, मित्राचा फोटो काढला आहे. त्याला सायबरपंक रूप द्यायचे आहे : डावीकडून सायन, उजवीकडून मागून मॅजेन्टाचा रिम लाइट आणि मागे रात्र. रंग चढवला की चेहरा प्लास्टिकचा दिसू लागतो. दिवसाच्या फोटोवर हे काम करावे, की करूच नये?

यार्डलाइट, भुसावळ

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रंग बदलता येतो, पण सावली कुठे पडली आहे हे कॅमेऱ्याने एकदाच लिहून ठेवलेले असते. आपल्या मित्राच्या चेहऱ्यावरचा उजेड वरून, आकाशातून आलेला आहे. म्हणजे भुवयांखाली, नाकाखाली आणि हनुवटीखाली काळोख आहे. डावीकडे पाटी लावली असे दाखवाल तेव्हा नाकाची सावली उजव्या गालावर हवी, आणि ती तिथे नसेल. रंग बदलणाऱ्या एलईडी कांड्या आता लग्नाच्या फोटोग्राफरांकडे सर्रास असतात. दिवेलागणीला त्याच मित्राला पुन्हा उभे करा, अर्ध्या तासात काम होईल.

अमळनेरचा स्टुडिओ

इतके टोकाला जाण्याची गरज नाही. नव्या लेअरवर रंग भरावा, ब्लेंड मोड Color ठेवावा आणि ओपॅसिटी तीस टक्क्यांच्या आसपास आणावी. प्लास्टिकपणा येतो तो त्वचेचा पोत हरवल्यामुळे. शेवटी थोडा ग्रेन टाकला की तो झाकला जातो. आम्ही वाढदिवसाचे बॅनर असेच करतो आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

सावलीरेषा, धुळे

भुसावळकर भाऊंचा आक्षेप भर दुपारच्या उन्हातल्या फोटोला पूर्णपणे लागू आहे. इथे मात्र फोटो सावलीतला आहे, आणि सावलीतला मऊ उजेड हा या कामासाठी जवळजवळ कोरा कागद असतो, कारण त्यात त्वचेचा स्वतःचा रंग बऱ्यापैकी निखळ टिपलेला असतो. नाकाची सावली नव्याने रंगवावी लागेल हे खरे. पण आधी असलेली कडक सावली पुसण्यापेक्षा नसलेली सावली घालणे कितीतरी सोपे आहे.

अमळनेरच्या मित्रांचे निदान अर्धे बरोबर आहे. पोत हरवतो हे खरे, पण तो ग्रेन कमी पडल्यामुळे नव्हे, तर Color मोडमुळे हरवतो. हा मोड खालच्या चित्राचा फक्त उजळपणा ठेवतो आणि रंग पूर्णपणे आपला बसवतो. नाकाच्या शेंड्याचा लालसरपणा, डोळ्यांखालची काळसर छटा, दाढीच्या जागेचा निळसरपणा हे सगळे एकाच रंगात बुडते. तीस टक्क्यांवर हा दोष कमी दिसतो, पण तेवढ्या मिणमिणत्या रंगाला निऑन म्हणता येत नाही.

खरा दिवा त्वचेवर रंग फासत नाही. त्वचेकडे जे आहे तेच तो परत पाठवतो. आपल्याकडच्या सावळ्या गालाचा एक नमुना घेऊ : लाल १७६, हिरवा १२८, निळा १००. त्यावर लाल २०, हिरवा २२०, निळा २३५ असा सायन Multiply मोडने टाकला, म्हणजे दोन्ही आकडे गुणून २५५ ने भागले, तर उत्तर साधारण १४, ११०, ९२ येते. म्हणजे झगझगीत सायन नव्हे, तर मंद, किंचित हिरवट छटा. आपली त्वचा मुख्यतः लाल परत पाठवते आणि सायन दिव्यात लाल जवळपास नसतोच. Color मोडमध्ये तोच गाल मूळ उजळपणाने चमकत राहतो आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खोटेपणा जाणवतो.

म्हणून मी असे करतो. मूळ फोटो सुमारे दोन स्टॉप गडद करून थोडा थंड करतो. ही झाली रात्र. त्याच्यावर मूळ उजेडाची प्रत ठेवतो, त्या प्रतीला सायनचा Multiply लेअर क्लिप करतो, दोन्ही एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपचा मोड Screen करतो आणि काळा मास्क लावतो. मग मऊ ब्रशने, दिवा जिथे पोहोचेल तेवढाच भाग उघडतो : कपाळाचा डावा उतार, डावे गालफड, नाकाची डावी भिंत. नाकाच्या उजवीकडे ब्रश नेतच नाही. भाऊंना हवी असलेली सावली तिथे आपोआप तयार होते. सगळे काम १६ बिटमध्ये करावे, नाहीतर गडद भागात रंगाचे पट्टे पडतात.

चोपड्याची चौकट

आमच्याकडे नवरीकडची माणसे चेहरा उजळच मागतात. त्वचा खरी ठेवायची म्हणजे गोरेपणा किती टक्के वाढवायचा, हे कोणी सांगेल का? निऑनमध्ये सावळा रंग आणखी काळा पडतो, असे माझेही निरीक्षण आहे.

सावलीरेषा, धुळे

ताई, इथे प्रश्न गोरेपणाचा नाही. पण आपले निरीक्षण अचूक आहे आणि कारण वर आलेच आहे : सायन दिव्यात सावळी त्वचा मंद होते. उपाय त्वचा उजळ करण्यात नाही, तर चेहऱ्याचा मुख्य भाग मॅजेन्टा किंवा केशरी दिव्याकडे देऊन सायन फक्त कडेला ठेवण्यात आहे. जाता जाता, निऑन वायू नळीत स्वतः पेटतो तो केशरी-लालच. बाकीचे रंग बहुतेक आर्गॉन, पारा आणि नळीच्या आतल्या लेपातून येतात. त्यामुळे पाटीचा एखादा भाग केशरी ठेवणे उलट अधिक खरे ठरेल.

केळीबाग, रावेर

माझी अडचण वेगळी आहे. केळीच्या बागेत काढलेल्या प्रीवेडिंगच्या फोटोवर हाच प्रयोग केला. मॅजेन्टा टाकल्यावर नवरदेवाच्या जबड्याखाली राखट, मेल्यासारखा पट्टा उमटला. मास्क शंभरदा तपासला, त्यात काही चूक नव्हती.

सावलीरेषा, धुळे

तो पट्टा केळीच्या पानांचा आहे. पानांवरून उसळलेला हिरवा उजेड हनुवटीखाली बसलेला असतो. दिवसा तो लक्षात येत नाही. मॅजेन्टा दिव्यात हिरवा नसतो, म्हणून नेमका तोच भाग गुणाकारात सर्वांत जास्त काळा पडतो. रंग देण्याआधी त्या जागेचा हिरवेपणा काढून तिला गालाच्या जवळ आणा, मग पुढे जा. सावलीतल्या आकाशाच्या निळेपणालाही हाच नियम लागू आहे : व्हाइट बॅलन्स आधी तटस्थ, नंतर निऑन.

यार्डलाइट, भुसावळ

गुणाकाराचे मान्य. पण रिम लाइटचे काय? तिथे मी अजूनही ठाम आहे. संगणकावर काढलेला रिम मला लांबून ओळखू येतो : सारख्या जाडीची रेघ माणसाभोवती फिरवलेली असते, जणू गणपतीच्या मखरामागची लायटिंग.

सावलीरेषा, धुळे

त्या रेघेबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. पण दोष साधनाचा नसून रिम म्हणजे काय हे न पाहिल्याचा आहे. मागून तिरका येणारा उजेड त्वचेत फारसा शिरत नाही. वरच्या तेलकट थरावरून घसरून कॅमेऱ्यात येतो. म्हणून रिममध्ये त्वचेचा रंग जवळपास नसतो, दिव्याचाच असतो. इथे Multiply चालत नाही, उजेडाची बेरीज करावी लागते. मी Linear Dodge (Add) घेतो आणि ओपॅसिटीऐवजी Fill कमी करतो, कारण या मोडमध्ये दोघांचे वागणे वेगळे आहे आणि Fill ने कड मऊ उतरते.

जाडी शरीराच्या वळणावर ठरते. चार हजार पिक्सेल उंचीच्या चित्रात गालफडाच्या हाडावर मी रिम वीस पिक्सेलपर्यंत रुंद होऊ देतो, जबड्यावर सहा-सातवर आणतो, आणि कानाच्या पाळीखाली, जिथे मान आत वळते, तिथे तो तोडतो. बाहेरची कड कडक, आतली विरघळती. सुती सदऱ्याच्या खांद्यावर तो मंद आणि पसरट हवा, कातडी जॅकेटवर बारीक आणि लखलखीत. रेघ सलग दिसू लागली की ती खोडायची वेळ आली, असे समजावे.

केसांत मात्र दिवसाचा फोटो पकडला जातो. मागे उजळ भिंत असेल, तर बटांभोवती पांढुरकी झालर राहते आणि रात्रीच्या पार्श्वभूमीवर ती उठून दिसते. रिमच्या बाजूला ती रंगवून खपून जाते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक बट गडद केल्याशिवाय सुटका नाही. एवढे कष्ट नको असतील, तर भाऊंचा दिवेलागणीचा सल्ला ऐकावा.

अमळनेरचा स्टुडिओ

तुमच्या पद्धतीने एका जुन्या फोटोवर करून पाहिले. गाल नक्कीच बरा दिसतो. पण मॅजेन्टाच्या रिममध्ये मध्यभागी सपाट गुलाबी चिकटपट्टी लावल्यासारखे झाले आणि तिथे पोत उरलाच नाही. म्हणजे ग्रेन लागणारच की!

सावलीरेषा, धुळे

त्या जागी माउस नेऊन आकडे पाहा. लाल आणि निळा दोन्ही २५५ वर टेकलेले असतील. पोत म्हणजे शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक. दोन्ही कमाल मर्यादेवर असतील, तर फरक कुठून येणार? सर्वांत जास्त आकडा २४५ च्या आत राहील एवढा Fill उतरवा, रोमछिद्रे परत दिसू लागतील. त्यानंतर ग्रेन हवाच असेल, तर तो संपूर्ण चित्रावर टाका, फक्त चेहऱ्यावर नको.

यार्डलाइट, भुसावळ

डोळ्यांबद्दल कोणीच बोलले नाही. बुबुळात आकाशाचा मोठा पांढरा तुकडा तसाच राहिला, तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. तो गडद करून त्या जागी डावीकडे सायनची उभी, बारीक पट्टी यायला हवी. आणि चेहऱ्याच्या मधोमध तुम्ही लोक साध्या रंगाचा जो पट्टा ठेवता, त्यालाही माझा विरोध आहे. निऑनच्या गल्लीत पांढरा दिवा आला कुठून?

सावलीरेषा, धुळे

डोळ्यांचे शंभर टक्के मान्य, ते माझ्याकडून राहून गेले. पट्ट्याबाबत मात्र मी उलट मताचा आहे. कोणत्याही बाजारात पाट्यांच्या खाली दुकानाची ट्यूबलाइट असतेच. नाकाच्या आसपास थोडी ओळखीची त्वचा दिसली, की बाकीचा रंग हा उजेड आहे, डाग नव्हे, हे डोळ्याला कळते. तो पट्टा पूर्ण उजळ ठेवण्याच्या मी विरोधात आहे. मूळपेक्षा दीड स्टॉप खाली पुरेसा.

यार्डलाइट, भुसावळ

ट्यूबलाइट फोटोत दिसत असेल तर ठेवा. न दिसणाऱ्या दिव्याचा हवाला मी मानत नाही.

नवखी फ्रेम, जळगाव

सायनची बाजू जमली, डोळेही बदलले. पट्टा ठेवूनही पाहिला आणि काढूनही. मला ठेवलेला आवडला, मित्राला काढलेला. पण उजवा कान अजून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. रिम तर बरोबर बसला आहे.

केळीबाग, रावेर

सूर्यास्ताला बागेत माणूस पाठमोऱ्या उन्हात उभा केला, की त्याचा कान लालभडक होतो. तसे काही हवे असेल का?

सावलीरेषा, धुळे

नेमके तेच. कानाची पाळी पातळ असते, मागचा उजेड तिच्यातून आरपार येतो आणि वाटेत रक्त व मांस हिरवा-निळा गिळून लाल तेवढा पुढे सोडतात. तुमचा मागचा दिवा मॅजेन्टा आहे, त्यात लाल भरपूर आहे; म्हणून रिमच्या आत, पाळीच्या पातळ भागात गडद लालसर उजेड मऊ ब्रशने द्या, कूर्चेच्या घडीवर देऊ नका. उद्या कोणी दिवे उलटे लावून मागून सायन दिला, तर कान पेटवू नये. सायनमध्ये आरपार यायला लाल उरतच नाही, तिथे काळा कानच खरा.