मदत हवी आहे: बोलताना अर्धवट उघडे राहिलेले तोंड फोटोत कसे सावरावे?

कापूस वेचणीच्या वेळी वावरात काढलेल्या एका फोटोत मोठ्या आईचे तोंड बोलता बोलता अर्धवट उघडे राहिले असून वरचा ओठ उजवीकडे उचललेला आहे व खालचे दात दिसत आहेत. डोळ्यांतले हसू मात्र इतके खरे आहे की हाच फोटो मोठा करून लावायचा आहे.

फोटोशॉपच्या लिक्विफायमध्ये तोंडाची उंची कमी केली, तेव्हा ओठांसोबत दातही चेपले. खालचा ओठ ब्रशने वर ढकलल्यावर दात झाकले गेले, परंतु बोलताना खाली गेलेला जबडा तसाच राहिल्याने ओठ आणि हनुवटी यांतले अंतर वाढले व गालाच्या ताणलेल्या रेषा ओठांशी जुळेनात. तोंड पूर्ण मिटवले की हसूच हरवते, म्हणून ओठ किंचित विलग राहिलेले मला चालतील.

लागोपाठ काढलेले दुसरे फोटो नाहीत. मिटल्या ओठांचा त्याच दिवशीचा एक फोटो आहे, पण त्यात चेहरा वळलेला असून ऊन समोरून पडले आहे. मूळ फोटोत ते बाजूने आहे. मूळ फाइल जेपेग आहे.

अशा वेळी आधी हनुवटी व जबडा वर घेऊन मग ओठ जुळवावेत, की खालचा ओठ हनुवटीसह वेगळ्या लेयरवर घेऊन एकत्रच सरकवावा? आणि वरच्या ओठाची उचललेली बाजू कितपत खाली आणल्यास डोळ्यांतल्या हसण्याशी तिचा मेळ राहील?