डब्यानंतरचा ड्राफ्ट्स: एक सोंगटी दिली आणि डाव फिरला, असे अनुभव लिहा

चौसष्टघरं: जेवणाच्या सुट्टीत ड्राफ्ट्स खेळणारे कोणी आहेत का इथे? चाली सांगा, नुसतं 'मजा आली' नको.

लेजरवाला: आमच्या अकाउंट्समध्ये मी आणि शिर्के. डबे आवरले की पट मांडायचा, हरणाऱ्याने चहा पाजायचा. त्या दिवशी दोघांच्या सहा-सहा सोंगट्या उरलेल्या, माझ्या पांढऱ्या. राजा करायच्या घाईत शिर्केने मागची रांग कधीच रिकामी केली होती. डाव्या कडेला माझी एक सोंगटी तिसऱ्या रांगेत, त्याच कडेला त्याची पाचव्या रांगेत. मी माझी उजवीकडे तिरकी सरकवली, थेट त्याच्या तोंडात.

"चष्मा विसरलास का रे?" शिर्के म्हणाला.

आमच्यात मारणं सक्तीचं आणि त्याला दुसरीकडे कुठेच मार नव्हती. (हे मी आधी दोनदा बघून घेतलं होतं. दुसरी मार असती तर त्याने तीच घेतली असती.) त्याने मारली आणि त्याची सोंगटी माझ्या दुसऱ्या रांगेतल्या सोंगटीपुढे येऊन बसली. तिच्या मागचं घर मोकळं. मग माझी उडी सुरू: ती मारली, पुढे मधली मारली, शेवटी डावीकडे वळून त्याच्या दुसऱ्या रांगेतली. थेट शेवटच्या रांगेत राजा. माझ्या पाच, त्याच्या तीन. शिर्के पटाकडे बघतच राहिला, हातातलं लोणचं तसंच.

वजीर_गेला: मी बुद्धिबळात एकदा वजीर दिला होता, तेव्हा पण असंच...

चौसष्टघरं: त्याचा वेगळा धागा काढा की राव.

नाना_ठाणे: राजा झाला म्हणजे संपलंच. तो कितीही घरं धावतो.

लेजरवाला: नाना, ते शंभर घरांच्या पटावर, वीस-वीस सोंगट्यांच्या खेळात. रशियन पद्धतीत चौसष्ट घरांवरही धावतो. आमचा इंग्रजी खेळ, त्यात राजा एकेकच घर चालतो, फक्त मागेही जातो. म्हणून पुढे बराच वेळ खेळावं लागलं, सुट्टी संपत आली होती.

मीनल_क: आमच्या ऑफिसात जुना नियम होता. मारायची सोडली तर समोरचा ती सोंगटी पटावरून उचलतो. मग शिर्केंनी मारलीच नसती तर? एकच गेली असती, तीन नाही!

लेजरवाला: बरोबर आहे, तिथे माझा डाव फसला असता. पण जुन्या नियमात सोंगटी उचलायची की मारायलाच लावायचं, हे समोरच्याने ठरवायचं असतं ना? मी मारायला लावलं असतं.

मीनल_क: आमच्याकडे फक्त उचलायचे. त्यावरून सरनाईक आणि माझं दोन दिवस बोलणं बंद होतं.

नाना_ठाणे: मग चहा कोणी पाजला?