'रक्त पातळ' शोधलं तर नेमकं काय सापडावं?

मीरा: औषधांच्या माहितीपत्रकांत शोध घ्यायची सोय करतेय. लोक 'रक्त पातळ करायची गोळी' असं टाइप करतात, पत्रकात 'अँटिकोॲग्युलंट' असतं. हाती काहीच लागत नाही. समानार्थी शब्दांची यादी जोडावी का?

निनाद: यादीच्या भानगडीत पडू नका. शब्दांऐवजी अर्थावर चालणारा व्हेक्टर शोध लावा, बोलीतले शब्द तो आपोआप जुळवतो. यादी दर महिन्याला जुनी होते.

शारदा: जुळवतो हे खरं, पण त्याला जवळचं आणि तेच यांतला फरक नीट कळत नाही. 'हायपोग्लायसेमिया' आणि 'हायपरग्लायसेमिया' त्याला शेजारी वाटतात. एकात साखर घटलेली, दुसऱ्यात वाढलेली. औषधांच्या बाबतीत ही चूक मला चालणार नाही.

मीरा, यादी जोडा, पण एकाच दिशेने. बोलीत वॉरफरिनही 'रक्त पातळ करणारी' आणि ॲस्पिरिनही. पत्रकात मात्र पहिली अँटिकोॲग्युलंट, दुसरी अँटिप्लेटलेट. म्हणून बोलीतून दोन्हींकडे जायचं. उलट, फार्मासिस्टने 'अँटिकोॲग्युलंट' शोधलं तर ॲस्पिरिन वर येता कामा नये. तिन्ही शब्द नुसत्या स्वल्पविरामांनी एका ओळीत लिहिले की नेमकं तेच होतं. Elasticsearch मध्ये असं लिहा:

```
रक्त पातळ => रक्त पातळ, अँटिकोॲग्युलंट, अँटिप्लेटलेट
```

बाणाच्या उजवीकडे मूळ शब्द पुन्हा लिहायला विसरू नका. नाहीतर तो शोधातून गळतो, आणि साध्या भाषेत लिहिलेली पत्रकं दिसेनाशी होतात.

गिरीश: माझंही असंच होतं. 'पॅरासिटमॉल' कोणी 'पॅरासिटेमोल' लिहिलं की काही सापडत नाही.

शारदा: गिरीश, तो शुद्धलेखनाचा प्रश्न. त्याला अक्षरांतला थोडा फरक चालवून घेणारा शोध लागतो. प्रत्येक चुकीचं रूप यादीत भरत बसलात तर ती कधी संपणारच नाही.

मीरा: एक ओळ टाकून पाहिली, 'साखर' वरून 'मधुमेह'. आता खोकल्याच्या सिरपमधली साखर शोधणाऱ्यालाही मधुमेहाच्या गोळ्या दिसतात. आणि 'साखरेची गोळी' लिहिलं तर ओळ लागूच होत नाही!

शारदा: सुटा शब्द जोडू नका, 'साखर वाढली', 'साखर कमी झाली' असे जोड घ्या. 'साखरेची'चं मूळ रूप आधी काढा, समानार्थी शब्द त्यानंतर लावा. क्रम उलटा असला तर ओळ जुळत नाही. आणि प्रत्येक नव्या ओळीआधी आणि नंतर पहिले 10 निकाल डोळ्यांनी तपासा. नुसते निकाल वाढले म्हणजे शोध सुधारला असं नाही.

निनाद: दिशेचं मान्य. पण लोकांनी उद्या 'गाठ न होऊ देणारी गोळी' लिहिलं तर? असे शब्द आधीच कोणाला सुचणार?

मीरा: शून्य निकाल आलेले शोध साठवून दर आठवड्याला वाचायचे ठरवलंय. पण निकाल येतात आणि तेच चुकीचे असतात, ते कसे पकडायचे हे मला अजून उमगलेलं नाही.