मदत हवी आहे: पाणी बंद आणि लिफ्ट दुरुस्तीची नोटीस ग्रुपवर कशी टाकावी?

घोडबंदरवाली: सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय. या आठवड्यात शटडाऊन आहे, त्यातच लिफ्टचं काम. महापालिकेचा मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड केला की "म्हणजे नक्की कधी?" विचारायला अख्खी सोसायटी उठते. मराठीत आणि इंग्रजीत, छोटा, परत कोणी विचारणार नाही असा मजकूर द्या. आजच टाकायचाय.

पंपहाऊस: देतो, पण शटडाऊन कधीपासून कधीपर्यंत? तुमच्या टाकीत पाणी किती वाजता येतं? लिफ्ट एक की दोन?

निवांत_नेरूळ: आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, ही कटकटच नाही. इकडे राहायला या.

बेलापूरकर: भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात काम निघालं की तुमचे नळ काय वेगळे वाहतात होय?

घोडबंदरवाली: गुरुवारी सकाळी ९ ते शुक्रवारी सकाळी ९, नेहमीसारखंच. आमची पाळी पहाटे ५ ते ७. बी विंगला दोन लिफ्ट, डावीचा रोप बदलायचाय शुक्रवारी. आता तरी मजकूर द्या.

लिफ्टमित्र: लाईट गेल्यावर लिफ्ट मध्येच अडकत असेल तर तिला मजल्यापर्यंत आणणाऱ्या एआरडीची बॅटरी आधी बघून घ्या. आमची तीन वर्षांत गेली होती.

घोडबंदरवाली: अहो, अडकत नाहीये!

पंपहाऊस: ताई, मग तुमचे हाल गुरुवारी नाहीत, शुक्रवारी आहेत. गुरुवारची पहाटेची पाळी शटडाऊनच्या आधीच होऊन जाते, खालची टाकी भरते. हुकते ती शुक्रवारची. ९ ला पुरवठा सुरू झाला तरी मोठी लाईन भरून दाब यायला वेळ लागतो, त्यामुळे शनिवारी पहाटे पाणी आलं तरी टाकी पूर्ण भरेल असं धरू नका. महापालिका पाइपाची वेळ सांगते, लोकांना नळाची हवी असते. पाळी यायच्या आधी टाकीत किती उरलेलं असतं, ते वॉचमनला विचारा.

घोडबंदरवाली: पावभर उरतं म्हणतो.

पंपहाऊस: म्हणजे शुक्रवारी सकाळी एकदाच सोडता येईल. पहिल्या ओळीत तेवढंच:

*शुक्रवार १५ मे: नळाला फक्त सकाळी ६:३० ते ७:३० पाणी*
गुरुवारी नेहमीप्रमाणे. पिण्याचं पाणी गुरुवारी रात्रीच भरून ठेवा. शनिवारची वेळ टाकी बघून सकाळी ७ ला कळवू.

लिफ्टचा मेसेज वेगळा:

*बी विंग: डावी लिफ्ट शुक्रवार १५ मे, सकाळी १० पासून बंद*
रोप बदलायचा आहे. उजवी चालू. पुढची माहिती संध्याकाळी ५ वाजता.

"५ ला सुरू होईल" असं लिहू नका. मेकॅनिक चार तास म्हणतो, पण रोप बसल्यावर ताण सारखा करून, वजन टाकून लिफ्ट वर-खाली फिरवून बघावी लागते. उशीर झाला तर शिव्या तुम्हाला, त्याला नाही.

कायदा_काका: कुठलीही नोटीस १४ दिवस आधी बोर्डावर लावणं बंधनकारक आहे. ग्रुपवरची नोटीस ग्राह्य नाही.

जुना_खजिनदार: काका, १४ दिवस सर्वसाधारण सभेला. शटडाऊन महापालिका तरी १४ दिवस आधी सांगते का? पण बोर्डावर आणि लिफ्टच्या दारावर चिकटवा हे बरोबर. आमच्याकडचे निम्मे आजी-आजोबा ग्रुपवर नाहीत.

मीनल_कळवा: इंग्रजी त्याच मेसेजखाली जोडू नका. लांब झालं की "Read more" खाली दडतं, कोणी उघडत नाही. वेगळा मेसेज करा, आकडे तेच. "उद्या" किंवा "टुमॉरो" दोन्हीत नको. फॉरवर्ड दुसऱ्या दिवशी पोचला की लोक भलत्याच दिवशी बादल्या भरून बसतात. आमच्या मॅनेजरने एकदा मराठीतली तारीख बदलली, इंग्रजीत जुनीच राहिली. लक्षात येईपर्यंत पंधरा मिनिटं उलटली होती, एडिटही होईना.

जुना_खजिनदार: दोन मेसेज केले की फॉरवर्ड एकच होतो आणि भाडेकरूंना नेमका दुसरा हवा असतो. मी पहिली ओळ मराठीत, दुसरी इंग्रजीत, मग बाकीचं असं टाकतो.

मीनल_कळवा: मग तुमची तिसरी ओळ कोण वाचतं?

बेलापूरकर: ठाण्यात राहून इंग्रजी हवंच कशाला?

जुना_खजिनदार: आमच्या मजल्यावर तमिळ कुटुंब आहे, त्यांना अंघोळीची वेळ कळायला हवी म्हणून. हा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या.

निवांत_नेरूळ: टँकरचा सध्याचा भाव काय हो तिकडे?

घोडबंदरवाली: दोन्ही टाकले, मीनल म्हणतात तसं वेगवेगळे. पहिलाच प्रश्न: "पाण्याचं ए विंगलाही लागू आहे का?"

पंपहाऊस: "सर्व विंग" राहिलं, पहिल्या ओळीत घाला. टाकून किती वेळ झाला?

घोडबंदरवाली: नऊ मिनिटं. करते. इंग्रजीतही.